'स्मॉलपॉक्स' शोधले तर जुन्या कागदांत काहीच का येत नाही?

प्रश्न: "पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या साथींवर वाचते आहे. टंकित केलेल्या पत्रांच्या संग्रहात 'स्मॉलपॉक्स' टाकले तर शून्य, 'देवी' टाकले तर देवळांचाच पूर. शोधणारा एक शब्द वापरतो आणि लिहिणाऱ्याने दुसराच वापरलेला असतो, या अडचणीला काही नाव आहे का? आणि त्यावर लोक काय करतात?"

नाव आहे. शोधशास्त्रात तिला शब्दसंग्रहाची तफावत म्हणता येईल. १९८७ साली जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या विषयांत माणसांना वस्तूंना आणि क्रियांना नावे द्यायला सांगितली, तेव्हा एकाच गोष्टीसाठी दोन माणसांनी तोच शब्द निवडण्याची शक्यता वीस टक्क्यांहूनही कमी निघाली. ती माणसे एका काळातली आणि एकच भाषा बोलणारी होती. तुमच्या आणि पत्रलेखकाच्या मध्ये तर शंभरहून जास्त वर्षे आहेत.

यातला खरा धोका असा की जे सापडले नाही ते दिसतही नाही. १९८५ साली ब्लेअर आणि मॅरन यांनी एका मोठ्या खटल्याच्या सुमारे चाळीस हजार कागदांवर वकिलांचे शोध तपासले. वकिलांना वाटत होते की उपयोगाचे पाऊण कागद हाती आले. प्रत्यक्षात सरासरी पाचवा हिस्साच आला होता. एका बाजूचे लोक जिला 'अपघात' म्हणत, तीच गोष्ट दुसऱ्या बाजूच्या पत्रांत 'घटना' किंवा 'परिस्थिती' अशा सौम्य शब्दांनी लिहिली होती.

आता तुमचे उदाहरण घेऊ. समजा संग्रहात या चार ओळी आहेत. वाक्ये माझी आहेत, पण ढंग त्या काळचा.

१. पेठेंत देवीची सांथ फार आहे.
२. धाकट्यास देवी आल्या, फोड भरले आहेत.
३. चतुःशृंगीस गेलों, देवीपुढें नारळ फोडला.
४. मुलांस लस टोचून घेतली, दंडावर खूण राहिली.

तुम्हाला पहिली, दुसरी आणि चौथी हवी आहे. 'स्मॉलपॉक्स'ने एकही येत नाही. 'देवी'ने सुरू होणारे सगळे शब्द शोधले तर पहिल्या तीन येतात, म्हणजे नको ती येते आणि चौथी सुटते.

सर्वांत जुना उपाय ग्रंथपालांचा: प्रत्येक कल्पनेसाठी एक ठरलेला शब्द, आणि बाकीच्या शब्दांपाशी 'पाहा'ची खूण. 'मसूरिका – पाहा: देवी, रोग' अशी नोंद सूचीत असली की वाचक कुठल्याही दाराने आला तरी योग्य ठिकाणी पोचतो, आणि रोगाची देवी व देवळातली देवी वेगळ्या राहतात. याहून चोख उपाय मला माहीत नाही. पण त्यासाठी कोणीतरी प्रत्येक कागद वाचून त्यावर विषय लिहावा लागतो, आणि खासगी पत्रांच्या संग्रहांत ते क्वचितच झालेले असते.

म्हणून बहुतेकांवर दुसरा मार्ग येतो, प्रश्नच रुंद करण्याचा. त्यासाठी आधी शब्द गोळा करा. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा १८४७चा इंग्रजी-मराठी कोश इथे फार कामाचा आहे, कारण तो तुमच्या पत्रलेखकांच्या काळाजवळचा आहे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे खात्रीचे एखादे पत्र पूर्ण वाचायचे आणि देवीच्या आजूबाजूला कोणते शब्द येतात ते टिपायचे: साथ, फोड, वण, टोचणे, आल्या, निघाल्या. मग असा प्रश्न सुचतो:

```
(देवी* OR मसूरिका*) AND (साथ* OR लस* OR टोच*)
```

तारा म्हणजे पुढे कोणताही प्रत्यय चालेल. दिसायला हा प्रश्न समंजस आहे, पण आपल्या चार ओळींवर चालवून पाहा: एकही ओळ येत नाही. पहिलीत 'सांथ' आहे. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, त्याआधीच्या मजकुरात ते जागोजागी भेटतात. दुसरीत फोड आहेत, साथ नाही. चौथीत देवीचे नावच नाही. लिहिणाऱ्याला ते सांगायची गरज वाटली नाही. म्हणजे अडचण समानार्थी शब्दांपुरती नाही. शब्दलेखन, प्रत्यय आणि अध्याहृत राहिलेला शब्द, या तिन्हींची सोय करावी लागते:

```
(देवी* AND (साथ* OR सांथ* OR फोड OR वण OR आल्या OR निघाल्या))
OR ((लस OR लशी* OR लसी*) AND टोच*)
```

आता हव्या त्या तिन्ही ओळी येतात आणि नारळ बाहेर राहतो. इथे 'फोड' मुद्दाम ताऱ्याविना ठेवला आहे, कारण 'फोड*' म्हटले की 'फोडला'सुद्धा आत येतो. 'लस'वरही तारा नाही, नाहीतर लसूण येईल. पण 'लस'चे रूप विभक्तीत 'लशी' किंवा 'लसी' होते, म्हणून ती दोन्ही वेगळी लिहावी लागली. मूळ धातूपर्यंत शब्द छाटणारी यंत्रणा शोधात असेल तर हे काम ती करते, पण मराठीची सामान्यरूपे तिला नीट येतात का हे आधी तपासून घ्या.

तरीही चौथीसारख्या ओळींत शंका उरते. १८९७नंतर प्लेगचीही लस टोचली जात होती. ती ओळ देवीची की प्लेगची हे पत्राच्या तारखेवरून आणि दंडावरच्या खुणेसारख्या तपशिलावरून तुम्हालाच ठरवावे लागेल. प्रश्न जितका रुंद, तितके हे हातचे वाचन वाढते. हा सौदा टाळता येत नाही, आणि संशोधनात मी नेहमी रुंद बाजूला झुकते.

हेच विस्ताराचे काम यंत्राकडून करून घेण्याची पद्धतही आहे: पहिल्या शोधात वर आलेले काही कागद बरोबर आहेत असे धरून त्यांतले ठळक शब्द प्रश्नात आपोआप घालायचे. 'देवी'च्या बाबतीत ती नक्की फसेल. वरचे कागद यात्रांचे असले तर नवे शब्दही ओटी, नवरात्र, नारळ असेच येणार आणि शोध आणखी दूर भरकटणार. बरोबर कागद तुम्ही स्वतः निवडून दिलेत तर मात्र ती उत्तम चालते. अर्थाच्या जवळिकीवर चालणारे अलीकडचे शोध शब्द न जुळताही कागद आणतात, चौथ्या ओळीसारखे कदाचित आणतीलही. पण ते कोणत्या मजकुरावर शिकले आहेत याला महत्त्व आहे. आजच्या मराठीत देवी म्हणजे जवळजवळ नेहमीच देवता, त्यामुळे रोगाचा अर्थ तिथे दबलेला असू शकतो.

आपला प्रश्न पुरेसा रुंद झाला का, हे कळायला एक तपासणी करा. शोधयंत्र बाजूला ठेवून संग्रहातला एखादा गठ्ठा, शक्यतो साथीच्या वर्षातला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि देवीचा उल्लेख असलेली पत्रे वेगळी काढा. मग त्याच गठ्ठ्यावर तुमचा प्रश्न चालवा. वेगळ्या काढलेल्यांपैकी जी पत्रे आली नाहीत, ती उघडून त्यांतला कोणता शब्द तुमच्या यादीत नव्हता ते पाहा, तो घाला, आणि पुढच्या गठ्ठ्यावर पुन्हा तेच करा. एखाद्या गठ्ठ्यात नवा शब्द निघालाच नाही, की उरलेल्या संग्रहासाठी ती यादी वापरायला हरकत नाही. पत्रलेखक बदलले, म्हणजे घर किंवा पिढी बदलली, तर मात्र यादी पुन्हा तपासून घ्या.