रिकाम्या जागेचं काय कळवायचं?

‘ताई, अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी चार वर्षं क्वालिटी इंजिनिअर आहे. जूनमध्ये आमचे सीनियर नोकरी सोडून गेले, तेव्हापासून त्यांचं कामही मीच बघते. पगार तोच. अप्रेझल मार्चमध्ये असतं. त्याआधी साहेबांकडे विषय काढला तर हावरटपणा दिसेल का? तसे ते चांगले आहेत. परवा जाता जाता म्हणाले, “त्या जागेचं काय करायचं ते या महिन्यात हेड ऑफिसला कळवायचंय.” मी मान हलवली. पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय, हप्ता सुरू झालाय. मार्चपर्यंत थांबू का?’

मान हलवली? अहो, तुमची बढती त्या एका वाक्यात होती!

वार्षिक वाढीचे पैसे आणि रिकाम्या जागेचे पैसे बहुतेक कंपन्यांत वेगळे मोजतात. वाढीसाठी विभागाला एक ठरावीक टक्का मिळतो आणि साहेब तो सगळ्यांत वाटतात. तुम्हाला दोन टक्के जास्त द्यायचे तर ते दुसऱ्या कुणाच्या वाट्यातून काढावे लागतात. सीनियरचा पगार मात्र या वर्षाच्या बजेटमध्ये धरलेला आहे आणि जूनपासून तो खर्चच झालेला नाही. एप्रिलपासूनच्या वर्षासाठी साहेब आता काय कळवतील? बाहेरचा माणूस घ्या, आतल्याला जागा द्या, किंवा ती जागा रद्द करा. मार्चमध्ये तुम्ही फॉर्म भराल तेव्हा हा निर्णय होऊन गेलेला असेल. आणि तुम्ही इतकं बिनबोभाट निभावताय की रद्द करणंच सोपं झालंय. ‘इतके महिने चाललंच की,’ असं हेड ऑफिस म्हणेल.

म्हणून पगारवाढ मागू नका, ती जागा मागा. याच आठवड्यात, कागद वर जाण्याआधी.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डिस्पॅचची घाई असते आणि रिजेक्शन आलेल्या दिवशी साहेब ऐकून घेणार नाहीत, ते दिवस टाळा. कँटीनमध्ये, चारचौघांत तर नकोच. आदल्या दिवशी एवढंच सांगा: ‘साहेब, त्या जागेबद्दल उद्या मीटिंगनंतर दहा मिनिटं हवी होती.’ अचानक गाठलेला माणूस ‘बघू’ म्हणून सुटका करून घेतो. रात्रभर वेळ मिळाला की तो विचार करून येतो.

सोबत अर्धं पान न्या. सीनियर करायचे आणि आता तुम्ही करता, अशीच कामं त्यावर लिहा: ग्राहकाच्या तक्रारींची उत्तरं, नवीन पार्टची मंजुरी, सप्लायरकडची ऑडिटं. प्रत्येकापुढे जूनपासूनचा आकडा टाका. एखाद्या कागदावर अजून साहेबच सही करत असतील तर तेही लिहा. लपवलंत तर बाकीच्या आकड्यांवरही त्यांचा विश्वास बसणार नाही. फ्लॅटचा हप्ता मात्र तोंडातून काढू नका. तुमचा खर्च वाढला हे कारण साहेबांना वर सांगता येत नाही.

मग म्हणा: ‘ही कामं जूनपासून माझ्याकडे आहेत. ती जागा मला द्यावी आणि माझी जागा नवीन मुलाने भरावी, असं कळवता येईल का?’

दुसरा भाग गाळू नका. समजा सीनियरची जागा वर्षाला ८ लाखांची होती आणि तुमची ५ लाखांची. दोन्ही मिळून १३ लाख मंजूर आहेत. तुम्हाला साडेसहा दिले आणि नवीन मुलगा साडेतीनला घेतला, तर होतात १० लाख. साहेबांची माणसं दोनच राहतात आणि ३ लाख वाचतात. हे आकडे फक्त तुम्हाला समजावे म्हणून दिलेत, तिथे बोलू नका. सीनियरचा खरा पगार ऐकून माहीत असला तरी तो काढू नका. रक्कम साहेबांनी विचारली तरच सांगा, आणि वर्षाच्या सीटीसीत सांगा, कारण वरचा कागद त्याच भाषेत असतो.

ते ‘मार्चमध्ये बघू’ म्हणाले तर मान हलवू नका! शांतपणे विचारा, ‘मग या महिन्यात वर काय कळवायचं ठरतंय?’ उत्तर ‘बाहेरचा माणूस’ असेल, तर त्या जागेसाठी आतून अर्ज करता येईल का, हे तिथेच विचारा. ‘पद आता, पैसे नंतर’ असं म्हणाले, तर पद घ्या, पण पगार कुठल्या तारखेपासून बदलेल ते पत्रात लिहून मागा. तारखेशिवाय मिळालेलं पद म्हणजे आजचंच काम, फक्त व्हिजिटिंग कार्ड नवीन.

त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल फक्त साहेबांना पाठवा, एचआरला नाही. ‘आज बोललो त्याप्रमाणे कामांची यादी जोडत आहे. ती जागा मला मिळावी आणि माझ्या जागी भरती व्हावी, अशी विनंती आहे.’ साहेबांनी कबूल केलं वगैरे काही लिहू नका. साहेबांना तो मेल जसाच्या तसा हेड ऑफिसला पुढे पाठवता आला पाहिजे.