मोठा तुकडा आधी उचलायचा की लहान?

“मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका ॲरेतून ठरलेल्या लांबीचे दोन तुकडे घ्यायचे, ते एकमेकांवर चढता कामा नयेत आणि दोघांची बेरीज जास्तीत जास्त यायला हवी, असा प्रश्न आला की मी अडकतो. उत्तर वाचलं की सगळं कळतं. पण चार दिवसांनी कोरा कागद घेतला की काहीच सुचत नाही. अशी उत्तरं पाठ करून भागेल का?”

पाठ करून भागणार नाही, कारण लांब्यांचा क्रम किंवा इंडेक्स जरा बदलला की पाठांतर तिथेच तुटतं. तुझ्यासारखीच तक्रार घेऊन एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. तिची गाडी नेमकी कुठे अडत होती ते सांगते, कारण माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं याच प्रश्नात याच जागी अडतात.

तिने लिहिलेला प्रोग्रॅम नमुन्याच्या उदाहरणावर बरोबर चालत होता, पण पुढच्या चाचण्यांत नापास होत होता. विचार असा होता: दोन लांब्यांपैकी मोठी घ्यायची, त्या लांबीचा सर्वांत भारी तुकडा शोधायचा, तो बाजूला काढायचा आणि उरलेल्या जागेत लहान तुकडा बसवायचा. मी तिच्या कोडला हात लावला नाही. वहीवर सात आकडे लिहिले, १, ८, ९, ४, ९, ५, ६, आणि लांब्या दिल्या ३ आणि २. म्हटलं, “तुझ्या पद्धतीने हातानेच कर.”

तीनचा सर्वांत भारी तुकडा ९, ४, ९. बेरीज २२. तो उचलल्यावर डावीकडे १, ८ उरले आणि उजवीकडे ५, ६. त्यांतला भारी ५, ६, म्हणजे ११. एकूण ३३. मग मी तिला ८, ९ आणि ९, ५, ६ अशी निवड दाखवली. सतरा आणि वीस, सदतीस. मधला ४ कोणाच्याच वाट्याला गेला नाही, आणि तिच्या पद्धतीत मात्र तोच ४ दोन्ही नऊंना एकाच तुकड्यात अडकवून बसला होता.

तिने लगेच विचारलं, “मग लहान आधी उचलू?” या सात आकड्यांवर ते जमतंही: दोनचा सर्वांत भारी तुकडा ८, ९ आणि उरलेल्यातून ९, ५, ६. पण ३, ८, ९, ४, ५ घेऊन बघ. लांब्या त्याच. दोनचा भारी तुकडा पुन्हा ८, ९ आहे, आणि तो उचलल्यावर डावीकडे एक आकडा राहतो, उजवीकडे दोन. तीनचा तुकडा बसायला जागाच नाही, आणि तरी २९ हे उत्तर समोर आहे: ३, ८, ९ आणि ४, ५. आधी काय उचलायचं हा प्रश्नच इथे गैरलागू आहे. एक तुकडा पक्का केला की दुसऱ्याची जागा ठरून जाते, आणि पहिल्याला दुसऱ्याच्या जागेची काही खबर नसते.

म्हणून मी तिला प्रश्न बदलायला सांगितला. कोणताही तुकडा निवडू नकोस. उजवीकडचा तुकडा कुठे संपतो एवढंच धर, आणि ती शेवटची जागा एकेक घर पुढे सरकव. प्रत्येक जागी स्वतःला विचार: हा तुकडा जिथे सुरू होतो त्याच्या डावीकडे, दुसऱ्या लांबीचा सर्वांत भारी तुकडा किती बेरजेचा आहे? तो नेमका कुठे आहे याने काही फरक पडत नाही. फक्त आकडा हवा. सुचण्याचा जो काही भाग आहे तो एवढाच. बाकीचं सगळं हा आकडा पटकन कसा मिळेल यासाठीचं नियोजन आहे.

त्यासाठी दोन ओळी मांडायच्या. पहिली ओळ प्रीफिक्स सम, तिला P म्हणू. P[i] म्हणजे पहिल्या i आकड्यांची बेरीज. आपल्या सात आकड्यांसाठी ती ०, १, ९, १८, २२, ३१, ३६, ४२ अशी येते. कोणत्याही तुकड्याची बेरीज आता एका वजाबाकीत मिळते. शेवटचे तीन हवेत तर ४२ वजा २२, वीस. दुसरी ओळ ‘आतापर्यंतचा सर्वोत्तम’, म्हणजे best. best[i] म्हणजे पहिल्या i आकड्यांत पूर्ण मावणारा सर्वांत भारी तुकडा. दोन लांबीसाठी best[2] हा ९ येतो, best[3] सतरा, आणि त्यापुढे सतराला कोणी मागे टाकत नाही म्हणून तो शेवटपर्यंत सतराच राहतो.

इथे मी बराच वेळ थांबले, कारण तिची खरी अडचण i चा अर्थ हीच होती. कधी ती i म्हणजे ‘i क्रमांकाचा आकडा’ समजायची, कधी ‘पहिले i आकडे’. दोन्ही ओळींमध्ये दुसराच अर्थ पक्का धरला की चुकायला जागा राहत नाही. उजवा तुकडा ३ लांबीचा असून पहिल्या i आकड्यांच्या शेवटी संपत असेल, तर त्याच्या डावीकडे बरोबर i - 3 आकडे आहेत. म्हणून best[i - 3] घ्यायचा. एकावर एक चढणं टाळण्यासाठी वेगळी अट लिहावी लागत नाही, ती त्या वजाबाकीतच आहे.

आता मोजू. i = 5 असताना उजवा तुकडा ९, ४, ९, म्हणजे २२, आणि best[2] नऊ: एकूण ३१. i = 6 असताना ४, ९, ५ चे १८ आणि best[3] सतरा: ३५. i = 7 असताना ९, ५, ६ चे २० आणि best[4] सतरा: ३७. झालं.

तिने घाईत एकदा best[i - 3] ऐवजी best[i] लिहिलं होतं. मग i = 5 लाच २२ आणि १७ मिळून ३९ येतात, कारण ९ दोनदा मोजला जातो. ही चूक ओळखायची सोपी खूण आहे. आपण एकूण पाच आकडे घेतोय. ॲरेतले सर्वांत मोठे पाच आकडे ९, ९, ८, ६, ५, त्यांची बेरीज ३७. उत्तर त्याच्यावर जाऊच शकत नाही. उत्तर त्या मर्यादेच्या वर गेलं की कुठेतरी आकडा दोनदा मोजला गेला आहे हे नक्की. मर्यादेच्या आत असलं म्हणजे बरोबरच असेल, असं मात्र नाही.

वरच्या मोजणीत दोनचा तुकडा डावीकडे आणि तीनचा उजवीकडे होता. उलट क्रमही बघावा लागतो. तीनचा डावीकडे ठेवला तर याच आकड्यांवर जास्तीत जास्त ३५ येतात: ८, ९, ४ आणि ९, ५. ज्याने फक्त हा क्रम तपासला तो ३५ वर समाधान मानून बसेल. नमुन्याचं उदाहरण या चुकीतून अनेकदा सुटतं, म्हणून ‘पहिली लांबी’ आणि ‘दुसरी लांबी’ ही नावं वाचून गाफील राहू नये. ती क्रम सांगत नाहीत.

शेवटी तिने लिहिलेला कोड असा होता:

```python
def one_order(a, L, M):      # L डावीकडे, M उजवीकडे
    n = len(a)
    P = [0] * (n + 1)
    for i in range(n):
        P[i + 1] = P[i] + a[i]
    best = [float("-inf")] * (n + 1)
    for i in range(L, n + 1):
        best[i] = max(best[i - 1], P[i] - P[i - L])
    ans = float("-inf")
    for i in range(L + M, n + 1):
        ans = max(ans, best[i - M] + P[i] - P[i - M])
    return ans

answer = max(one_order(a, L, M), one_order(a, M, L))
```

सुरुवातीची किंमत शून्य न ठेवता उणे अनंत ठेवली आहे ती मुद्दाम. LeetCode वर हाच प्रश्न १०३१ क्रमांकाचा आहे; त्यात आकडे ० ते १००० एवढेच असतात, तिथे शून्य ठेवूनही निभावतं. पण मुलाखतीत कोणी “आणि आकडे ऋण असतील तर?” विचारलं, तर शून्यापासून सुरू झालेला कोड सगळे ऋण आकडे असताना शून्य हे उत्तर देईल, जे कोणत्याच दोन तुकड्यांचं नाही. त्याच प्रश्नात ॲरेची लांबी जास्तीत जास्त १००० असते, त्यामुळे प्रत्येक जोडी तपासणारा ब्रूट फोर्सही प्रीफिक्स समच्या आधाराने चालून जातो. लांबी एक लाखावर गेली की जोड्या काही अब्जांच्या घरात जातात आणि तो कोलमडतो. वरचा कोड मात्र प्रत्येक क्रमासाठी ॲरेवरून मोजक्या फेऱ्या मारून संपतो.

तरी तो ब्रूट फोर्स फेकून देऊ नकोस. मी तिला तो जपून ठेवायला लावला. आठ-दहा आकड्यांचे यादृच्छिक ॲरे, उणे पाच ते पाच किमतींचे, लांब्या एक ते तीन, आणि दोन्ही कोडची उत्तरं शेजारी शेजारी. जिथे जुळलं नाही तो ॲरे इतका छोटा असतो की वहीवर P आणि best मांडून चूक कुठल्या घरात आहे ते बोटाने दाखवता येतं. तुझीही पुढची तयारी अशीच असू दे: उत्तर पुन्हा वाचायचं नाही, जुळलेला नाही तो ॲरे हाताने सोडवायचा.

आणि समज पक्की झाली का हे बघायचं असेल तर LeetCode वरचा ६८९ घे. तिथे सारख्याच लांबीचे तीन तुकडे आहेत, त्यामुळे क्रम उलटून बघायची गरज नाही. मधला तुकडा धरायचा, त्याच्या डावीकडचा सर्वोत्तम आणि उजवीकडचा सर्वोत्तम तयार ठेवायचा. पण तिथे बेरीज नको, तुकडे कुठे सुरू होतात ते इंडेक्स हवेत, आणि बरोबरी झाली तर आधीचे. म्हणून डावीकडून येणाऱ्या ओळीत नवा तुकडा काटेकोरपणे मोठा असेल तरच जुना बदलायचा, `>` वापरून. उजवीकडून येणाऱ्या ओळीत मात्र बरोबरीलाही बदलायचा, `>=` वापरून, कारण उजवीकडून चालताना नंतर भेटणारा तुकडा हाच ॲरेत आधीचा असतो.