केसांभोवतीची पांढरी कड

प्रश्न : मोकळ्या केसांचा फोटो कापून दुसऱ्या बॅकग्राउंडवर टाकला की केसांभोवती पांढरी कड दिसते. फोटोशॉपमध्ये भुरभुरते केस स्वच्छ कसे कापायचे?

परभणीत माझा स्टुडिओ आहे, लग्नाच्या अल्बमचं काम रोजचंच. सुटा केस पिक्सेलपेक्षाही बारीक असतो, म्हणून त्या पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडं मागचं आभाळ मिसळलेलं असतं. सिलेक्शन कितीही नीट करा, आभाळाचा पांढरा रंग केसाला चिकटून येतोच. म्हणजे केस आधी कापायचा आणि मग रंगवायचा.

मागे एका नवरीचा गच्चीवरचा फोटो बीबी का मकबऱ्याच्या संध्याकाळच्या फोटोवर बसवायचा होता. मागे ढगाळ, पांढरं आभाळ. Channels मध्ये Red, Green, Blue एकेक करून पाहिले. तपकिरी झाक असलेल्या केसांत निळा रंग सगळ्यात कमी, त्यामुळे Blue मध्ये केस सगळ्यात काळे दिसले. त्या चॅनलची कॉपी केली. मूळ चॅनलला हात लावू नका, फोटोचे रंगच बिघडतात.

कॉपीवर Ctrl+L दाबून काळा स्लायडर उजवीकडे, पांढरा डावीकडे, हळूहळू. नजर बटांच्या टोकांवर ठेवा, झूम 200%. टोकं तुटून ठिपके दिसायला लागले की थोडं मागे या. बहुतेकांचं इथेच चुकतं : सगळं ठार काळं-पांढरं करतात आणि केस तारेसारखे दिसतात. मधला करडा रंग राहू द्या, तोच अर्धपारदर्शक केस. आभाळात उरलेली मळकट छटा Dodge ने, Range मध्ये Highlights ठेवून काढा. चेहरा आणि साडी काळ्या ब्रशने भरा. तेल लावलेल्या केसांच्या चकाकीतही आभाळ उतरलेलं असतं. ती जागा भरली नाही तर डोक्याला भोकं पडतात. मग Ctrl+I, चॅनलच्या थंबनेलवर Ctrl+क्लिक, RGB वर परत येऊन लेयरला मास्क.

आता पांढरी कड. वर नवा लेयर घ्या, दोन्ही लेयरच्या मधल्या रेषेवर Alt+क्लिक करा. बटेच्या मुळाजवळचा रंग उचलून मऊ ब्रश टोकांवरून फिरवा. आकार मास्कने धरलेला असतो, त्यामुळे रंग फक्त केसांवरच बसतो. मकबऱ्यामागचा उजेड केशरी होता, म्हणून त्या बाजूच्या बटांना मी थोडा तांबूस रंग दिला.

केसांमागे गर्द झाड असेल तर मात्र कुठलंच चॅनल कामाला येत नाही. तिथे सुटे केस सोडून द्या आणि 2 पिक्सेलच्या ब्रशने चार-पाच बटा हाताने काढा. आणि गिऱ्हाईकाकडून फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा. साधा पाठवला तर दाबला जातो आणि केसांभोवती बारीक चौकोन उमटतात, ते मास्कमध्येही उतरतात.