फळीपाशी येऊन थांबणारे मूल

“ताई, माझा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याच्यासाठी घरात अडथळ्यांची शर्यत मांडली: दोन स्टुलांवर फळी, टेबलाखालून रांगणे, सोफ्यावर चढून उडी. फळीपाशी आला की तो रडतो, बाकीचे सगळे धावत उरकतो आणि टेबलाखालून निघताना डोके आपटून घेतो. त्याच्या बरोबरीची मुले हे सहज करतात. तो मागे पडला आहे का? आग्रह करून शिकवावे का?”

आग्रह करू नये, हे उत्तर लगेच देता येण्यासारखे होते. मागे पडण्याविषयी बोलण्याआधी मात्र मी या आईंना मुलाचे खेळणे मोबाइलवर चित्रित करून आणायला सांगितले, आणि ते पाहताना माझे लक्ष मुलाआधी मांडणीकडे गेले. फळी वीतभरही रुंद नव्हती, मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर होती आणि पाय पडताच डगमगत होती. शिवाय बाबा घड्याळ लावून वेळ मोजत होते. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान या घड्याळाने होत होते. धावणाऱ्या शरीराला वेगच पुढे नेतो, त्यामुळे तोल सावरण्याची कसोटी फारशी लागत नाही. ती लागते सावकाश चालताना, जेव्हा एक पाय उचललेला असतो आणि सगळा भार दुसऱ्यावर थोडा वेळ पेलावा लागतो. हा मुलगा वेगाच्या आडोशाने तोल सांभाळण्याचे काम टाळत होता, आणि जिथे धावणे शक्य नव्हते त्या एकाच ठिकाणी, म्हणजे फळीपाशी, त्याची अडचण उघड होत होती.

म्हणून घड्याळ काढून टाकले आणि फळी जमिनीवर आणली. तिच्याही आधी फरशीवर चिकटपट्टीच्या दोन समांतर रेघा साधारण 25 सेंटीमीटर अंतरावर आखल्या आणि त्यांच्यामधून चालताना मुलाने पसरलेल्या तळव्यांवर एक मऊ खेळणे न पाडता न्यायचे, असे ठरवले. हातात जपून न्यायचे काही असले की “हळू चाल” असे वेगळे सांगावे लागत नाही. रेघांमध्ये तो रमल्यावर तेवढ्याच रुंदीची घडी घातलेली चादर आली, मग जमिनीला टेकलेली फळी आली, आणि तिच्यावर तो न थांबता, खांदे न आखडता चालू लागल्यावरच तिची टोके रुंद ठोकळ्यांवर पक्की बसवून ती सुमारे 5 सेंटीमीटर उचलली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट अवघड करावी: रुंदी कमी केली तर उंची तीच ठेवावी. दोन्ही एकदम बदलल्यास मूल नेमके कशाला अडले, ते कळत नाही. पाय मात्र अनवाणी हवेत. मोजे घसरतात आणि तळव्यांना पृष्ठभागाची जाणीवही नीट होऊ देत नाहीत.

हात धरण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक पालक तो वरून धरतात. मुलाचा हात खांद्याच्या वर ओढला गेला की ते त्या हाताला लोंबकळते, त्याचा भार एका बाजूला जातो आणि तोल मूल नव्हे तर मोठे माणूस सांभाळत राहते. त्याऐवजी शेजारून चालावे, आपले बोट मुलाच्या कमरेच्या उंचीवर ठेवावे आणि लागेल तेव्हा मुलानेच ते पकडावे. पकडणे आणि सोडणे त्याच्या हाती आल्यावर या मुलाचे रडणे बरेच लवकर थांबले.

टेबलाखालच्या रांगण्यात वेगळाच पेच होता. टेबल उंच असल्याने तो रांगतच नव्हता, वाकून उकिडवा चालत होता. उलट टेबलाऐवजी दोरी बांधून ती फार खाली ठेवली असती तर तो पोटावर सरपटला असता. एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा गुडघा आळीपाळीने पुढे टाकत रांगणे हवे असेल, तर मुलाला हातगुडघ्यांवर उभे करून जमिनीपासून पाठीपर्यंतची उंची मोजावी आणि त्याहून तळहातभर वर सैल चादर ताणावी. बोगदा सुरुवातीला आखूड ठेवावा आणि पलीकडचा उजेड मुलाला दिसावा. ते दोन्ही गुडघे एकदम पुढे उडवत असेल, तर वेग कमी करण्यासाठी वाटेत छोटी उशी ठेवून तिच्यावरून जायला सांगावे.

डोके आपटण्याचे कारण बेफिकिरी नव्हते. चेहरा बाहेर आला म्हणजे आपण बाहेर आलो, असा त्याचा हिशेब होता. पाठ अजून टेबलाखाली आहे हे त्याच्या ध्यानात येत नसे. लहान मुलांना आपल्या शरीराचा मागचा भाग डोळ्यांनी दिसत नाही, त्याची जागा स्पर्शातून आणि हालचालीतूनच उमगते. म्हणून बोगद्याच्या तोंडाशी चादरीची मऊ झालर लोंबती ठेवली आणि ती पाठीवरून पूर्ण सरकली की मगच उठायचे, असा नियम केला. त्यासोबत मांडणीचे काही काम त्याच्याकडे दिले. दोन खुर्च्यांमधली फट त्याने ठरवायची, “यातून तू आडवा जाशील की सरळ?” याचे उत्तर आधी द्यायचे आणि मग जाऊन पाहायचे. अंदाज चुकला की खुर्ची तोच सरकवतो, आणि तयार वाटेवरून पळण्यापेक्षा अवकाशाची जाण यातून जास्त येते, असा माझा अनुभव आहे.

चढण्याचा नियम साधा आहे: जिथे मूल स्वतः चढू शकत नाही, तिथे त्याला उचलून ठेवू नये. सोफ्यावरून उडी मारण्याआधी त्याला उतरता आले पाहिजे, म्हणजे पोटावर वळून, पाय आधी खाली सोडून, जमीन लागल्यावर हात सोडता आले पाहिजेत. ते जमेपर्यंत उडी आम्ही काढून टाकली. चढायच्या वस्तू भिंतीला टेकलेल्या आणि न हलणाऱ्या असाव्यात, खाली न सरकणारी गादी असावी, आणि मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे.

मागे पडण्याच्या प्रश्नाचे उत्तर यानंतरच देता आले. मांडणी त्याच्या मापाची झाल्यावर तो आठवड्यागणिक सुधारत होता. सावधपणा त्याच्या स्वभावातच आहे आणि उंच फळी त्याला आजही आवडत नाही, पण त्यात काळजीचे काही नाही. मात्र मूल चार वर्षांचे होऊनही आधाराशिवाय एका पायावर क्षणभरही उभे राहत नसेल, सपाट जमिनीवर वारंवार पडत असेल, शरीराची एकच बाजू वापरत असेल, सतत टाचा उचलून चालत असेल, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रोवून स्वतःला वर ढकलत असेल किंवा आधी येणारी हालचाल आता येत नसेल, तर घरच्या मांडणीत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना त्या हालचालीचे चित्रण सोबत न्यावे, कारण तपासणीच्या खोलीत मुले नेमकी तीच हालचाल करून दाखवत नाहीत.