स्टॉपलॉस उडाला, भाव परत फिरला: पुन्हा शिरायचं की नाही?

गेले काही महिने येणाऱ्या पत्रांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येते आहे. स्टॉपलॉस लागला, सौदा बंद झाला आणि लगेच भाव आपल्याला हव्या त्या दिशेला निघाला. त्यानंतर जे घडतं त्यात मूळ तोट्यापेक्षा मोठा तोटा होतो, म्हणून यातले काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. उदाहरणांतले आकडे समजावण्यासाठी आहेत. ते कुठल्याही शेअरची शिफारस समजू नयेत.

एकाच सेटअपमध्ये किती वेळा रि-एंट्री चालते?

एकदा. दुसरा स्टॉपही लागला तर तुमचं वाचन चुकलं आहे, चार्ट बंद करा.

स्टॉप लागल्यावर किती मिनिटं थांबावं? कोणी १५ सांगतं, कोणी तासभर.

घड्याळ बघू नका. ज्या टाइमफ्रेमवर सौदा घेतला होता त्याची कँडल बंद होऊ द्या. तासाच्या चार्टवरचा सौदा असेल तर तासाची कँडल.

माझा स्टॉप उडवला की शेअर वर जातो. ऑपरेटरला आपले स्टॉप दिसतात असं आमच्या ग्रुपमधले सगळे सांगतात. मग स्टॉप लावायचाच कशाला?

ग्रुपमधल्या कोणी हे पडताळून पाहिलं आहे का? ट्रिगरची वाट बघत असलेली स्टॉपलॉस ऑर्डर मार्केट डेप्थमध्ये कोणालाही दिसत नाही. ट्रिगर लागला की मगच ती खऱ्या ऑर्डरींमध्ये येते. आणि तुमचा स्टॉप कुठे आहे हे कळायला ती दिसण्याची गरजही नाही. मागच्या स्विंग लोच्या रुपयाभर खाली किंवा ५०० सारख्या गोल आकड्याच्या खाली हजारो जणांचे स्टॉप असतात. तिथे भाव पोचला की ते सगळे एकदम विक्री होतात, भाव आणखी रुपया-दोन रुपये घसरतो, ज्याला मोठी खरेदी करायची असते त्याला तिथे माल मिळतो आणि भाव उलटतो. यात तुमच्या मागे कोणी लागलेलं नसतं.

यावरून स्टॉप काढून टाकायचा हा निष्कर्ष मात्र सगळ्यात घातक आहे. त्याऐवजी तुमच्या वहीतले स्टॉप लागलेले सगळे सौदे काढा, फक्त आठवणीतले नकोत. प्रत्येकापुढे लिहा की त्यानंतर भाव आधी तुमच्या टार्गेटला गेला की आणखी खाली गेला. उलटलेले सौदे मनात टोचत राहतात आणि स्टॉपने वाचवलेले विसरले जातात, त्यामुळे वहीशिवाय याचं उत्तर मिळत नाही. बहुतेक सौदे उलटून टार्गेटला जात असतील तर तुमचा स्टॉप फार जवळ आहे. १४ कँडलचा एटीआर बघा. तासाला शेअर सरासरी ६ रुपये हलत असेल आणि तुमचा स्टॉप ३ रुपयांवर असेल, तर तो रोजच्या हालचालीतच उडणार. तिथे दुरुस्ती स्टॉपची करावी लागते, रि-एंट्री हे त्यावरचं उत्तर नाही. नोंदी घेऊन सेबी-नोंदणीकृत सल्लागाराकडे गेलात तर त्यालाही काही सांगता येईल. नोंदींशिवाय तोही अंदाजच करेल.

भांडवल तीन लाख. ब्रेकआउट ४९५ चा होता, ५०२ ला २५० शेअर घेतले, स्टॉप ४९४, टार्गेट ५२०. दोन दिवसांनी भाव ४९२.४० पर्यंत गेला आणि ४९३.६० ला मी बाहेर पडलो. त्याच दुपारी शेअर ५०९ ला आला. तोटा एकदम भरून काढावा म्हणून इंट्राडे मार्जिनवर ७५० घेतले, स्टॉप ५०४. तोही गेला आणि मग शेअर ५१८ झाला. दिशा दोन्ही वेळा बरोबर होती, मग चुकलं काय?

चुकली ती क्वांटिटी, आणि ती तोट्याच्या आकड्यावरून ठरवली गेली. याच प्रश्नासाठी मी हे सदर चालवतो म्हटलं तरी चालेल, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला तोटा शेअरमागे ८.४० प्रमाणे २,१०० रुपये. स्टॉप थोडा घसरून लागला, नाहीतर तो २,००० असता. हा ठरलेला, सोसण्यासारखा तोटा होता. दुसरा ३,७५० रुपये. दोन्ही मिळून ५,८५०, म्हणजे एका कल्पनेवर भांडवलाचे जवळजवळ दोन टक्के. दुसऱ्या सौद्यात ७५० हा आकडा कुठून आला? चार्टवर तो कुठेच नव्हता. २,१०० रुपये लवकर परत यावेत यासाठी तो लागत होता. आणि एवढे शेअर घेतल्यावर दूरचा स्टॉप परवडेना, म्हणून ५०४. चार्टवर ५०४ ला काही घडलेलं नव्हतं. आधी ४९५ चा ब्रेकआउट टिकतो का यावर पैसे होते, आता पुढच्या तासाभरात शेअर पाच रुपये खाली येतो का यावर. हा वेगळाच सौदा होता, आणि तुम्ही त्याला मूळ सेटअपचं नाव दिलंत.

आता हाच दिवस दुसऱ्या पद्धतीने बघा. पहिली ऑर्डर टाकण्याआधीच ठरवायचं की या कल्पनेवर एकूण ३,००० रुपये, म्हणजे भांडवलाचा एक टक्का, जाऊ शकतात. त्यातले २,००० पहिल्या प्रवेशाला. ८ रुपयांच्या स्टॉपला भागले की २५० शेअर, जे तुम्ही घेतलेच. उरलेले १,००० रि-एंट्रीसाठी. सोबत अटही लिहून ठेवायची: स्टॉप लागल्यावर तासाची कँडल पुन्हा ४९५ च्या वर बंद झाली, तरच तिच्या हायच्या वर खरेदी. ही अट महत्त्वाची, कारण ब्रेकआउट फसला असं बाजाराने एकदा सांगितलं आहे. भाव पुन्हा त्या पातळीवर बंद होतो तेव्हा ते सांगणं खोटं ठरतं. कँडल बंद होण्याआधीची उसळी म्हणजे पुरावा नव्हे.

समजा त्या दुपारी तासाची कँडल ४९७.८० ला बंद झाली आणि हाय ४९८.८० होता. खरेदी ४९९ ला. स्टॉप आता जुना ४९४ नाही, कारण भाव तिथून खाली जाऊन आला आहे. नवा लो ४९२.४०, म्हणून स्टॉप ४९१.५०. जोखीम शेअरमागे साडेसात रुपये. १,००० ला साडेसातने भागले की १३३ शेअर. टार्गेट ५२० ला गेलं तर शेअरमागे २१ रुपये, जोखमीच्या २.८ पट. सौदा घेण्याजोगा आहे.

आणि ५०९ ला? सेटअप तोच, स्टॉप ४९१.५० च. जोखीम १७.५०, मिळकत ११. एवढं गणित त्या क्षणी कागदावर मांडलं असतं तर सौदा घेतलाच गेला नसता. संधी ४९९ ला होती, ती निघून गेली होती.

या पद्धतीत यश कसं दिसतं तेही बघा, कारण इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. १३३ शेअरवर २१ रुपये म्हणजे २,७९३. पहिला तोटा वजा केला की हातात ६९३, त्यातून ब्रोकरेज आणि कर. टार्गेट गाठूनही जेमतेम एवढेच. लोकांना हे पटत नाही, म्हणून ते दुसऱ्यांदा क्वांटिटी वाढवतात. पण दुसराही स्टॉप लागला असता तर एकूण तोटा ३,१०० च्या आसपास थांबला असता, ५,८५० वर नाही. रि-एंट्रीची क्वांटिटी पहिल्या सौद्यापेक्षा कधीही जास्त नको. मला त्यात एकही अपवाद मान्य नाही.

स्वतःला तपासायचं असेल तर ऑर्डर टाकण्याआधी एकच प्रश्न: सकाळी सौदाच घेतला नसता, तर या भावाला, या स्टॉपने, एवढे शेअर मी आत्ता घेतले असते का? उत्तर देताना आधीचा तोटा आठवावा लागला तर ऑर्डर टाकू नका. मार्जिनच्या वापराबद्दल मात्र तुमचं उत्पन्न आणि इतर देणी बघूनच बोलता येईल. त्यासाठी सेबी-नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराला प्रत्यक्ष भेटा.

डिलिव्हरीचे शेअर स्टॉपला विकले आणि त्याच दिवशी परत घेतले. दुसऱ्या दिवशी ॲपवर खरेदीभाव जुनाच दिसतो. ही ब्रोकरची चूक आहे का?

नाही. एकाच एक्स्चेंजवर, एकाच दिवशी, एकाच शेअरची विक्री आणि खरेदी झाली की तेवढी संख्या आपसात वजा होते आणि इंट्राडे धरली जाते. वरच्याच उदाहरणात २५० विकून त्याच दिवशी १३३ घेतले असते, तर १३३ शेअरवर ४९३.६० ला विक्री आणि ४९९ ला खरेदी असा इंट्राडे तोटा, ११७ शेअरची डिलिव्हरी विक्री, आणि डिमॅटमध्ये उरलेले १३३ जुन्याच ५०२ च्या भावाने. त्यामुळे ॲप हा सौदा तोट्यात दाखवेल, तुमच्या वहीत मात्र तो ४९९ चा असेल. स्टॉप आणि टार्गेट वहीवरून चालवा. करातही फरक पडतो: इंट्राडे तोटा सट्टा व्यवसायाचा, तो फक्त सट्ट्याच्या नफ्यातूनच वजा होतो. विवरणपत्र भरण्याआधी सीएला कॉन्ट्रॅक्ट नोट दाखवा, मार्च संपेपर्यंत थांबू नका.

टेलिग्रामवर एक जण ‘लॉस रिकव्हरी बॅच’ चालवतो. स्टॉप लागल्यावर कुठे परत घ्यायचं ते लाइव्ह सांगतो, खात्रीशीर म्हणतो. फी भरू का?

नको. नोंदणीकृत माणसाला परताव्याची खात्री द्यायला मनाई आहे, त्यामुळे ‘खात्रीशीर’ हा शब्द ऐकला की प्रश्न संपला. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक INA ने सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा INH ने. तो मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा, त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट पुरावा धरू नका. तोट्याने कासावीस झालेल्या माणसाला गाठून विकलेली ही चीज आहे, आणि मला तिचा मनापासून संताप येतो.

ऑप्शनमध्ये रोज स्टॉप लागला की दुप्पट लॉट घेतो. पर्सनल लोन काढलंय, घरी सांगितलेलं नाही. एक चांगला महिना आला की थांबेन. रि-एंट्रीचा नियम सांगा.

तुमच्यासाठी रि-एंट्रीचा नियम नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. त्या चांगल्या महिन्याची वाट बघणं म्हणजे कर्ज वाढवणं. आजच ब्रोकरला लिहून एफ अँड ओ सेगमेंट बंद करायला सांगा. ॲपमध्ये किल स्विच असेल तर तो लगेच वापरा, पण तो ठरावीक वेळाने पुन्हा उघडता येतो, म्हणून सेगमेंट बंद करण्याची विनंती वेगळी द्या. खात्यातले उरलेले पैसे बँकेत परत घ्या. कर्जाची रक्कम, व्याजदर आणि हप्ता एका कागदावर लिहून तो कागद आज रात्री घरच्यांसमोर ठेवा. थांबायचं ठरवूनही हात ऑर्डरकडे जात असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. तोवर केंद्र सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.