‘टाइम इनकन्सिस्टन्सी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: चलनविषयक धोरणावरच्या एका लेखात ‘कालविसंगती’ हा शब्द वाचला. पण शिवकालीन नाटकात पात्राच्या मनगटावर घड्याळ दिसलं, तर त्यालाच आपण कालविसंगती म्हणतो ना? मग मध्यवर्ती बँकेचं वचन लोकांना पटत नाही, याच्याशी त्या शब्दाचा काय संबंध?

नुसतं ‘कालविसंगती’ लिहिलं तर नाटकातलं घड्याळच आठवणार, हे खरं. म्हणून मी ‘वचनाची कालविसंगती’ असं लिहितो. वचन देतानाचा हिशेब आणि वचन पाळायची वेळ येते तेव्हाचा हिशेब जुळत नाही, ही ती विसंगती. ‘शब्द फिरवणं’ इथे चालत नाही, कारण यात कुणी खोटं बोललेलं नसतं. परिस्थिती बदलली म्हणून धोरण बदललं, असंही नसतं. नवीन काहीच घडलेलं नसताना, केवळ समोरच्याने आपली चाल आधी खेळली म्हणून, काल शहाणपणाचं वाटणारं आज वाटेनासं होतं. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण याच्या सर्वांत जवळ जाते.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा, सातपूरच्या एका कारखान्यात तीन वर्षांचा वेतनकरार व्हायचा आहे. मध्यवर्ती बँक सांगते, महागाई ४ टक्के ठेवू. युनियनने विश्वास ठेवला आणि वर्षाला ४ टक्के वाढीवर सही केली. सही झाली की पगार बांधले गेले. आता बँकेने व्याजदर उतरवून महागाई ६ टक्क्यांवर जाऊ दिली, तर मालाचे भाव पगारापेक्षा जास्त वाढतात, कामगार मालकाला स्वस्त पडतो आणि नवी भरती होते. बेकारी कमी व्हावी असं बँकेलाही वाटतं, सरकारलाही. म्हणजे सही होईपर्यंत ४ टक्के हे मनापासून दिलेलं वचन होतं आणि सहीनंतर ६ टक्के हा मोह झाला.

पण युनियनच्या माणसांनी असे करार आयुष्यभर केलेले असतात. ती हा मोह आधीच ओळखतात आणि ६ टक्के मागतात. मग बँक कात्रीत सापडते. महागाई ४ टक्क्यांवरच रोखली तर पगार भावांच्या पुढे जातात, कारखाने भरती थांबवतात. ६ टक्के होऊ दिली तर रोजगार जिथे होता तिथेच राहतो आणि महागाई तेवढी पदरात पडते. बहुधा दुसरंच घडतं. शब्द मोडून कुणाला फसवलं असंही नाही, कारण कुणी विश्वासच ठेवला नव्हता.

मग लोक ६ वरच का थांबतात, २० टक्के का धरत नाहीत? कारण महागाईचा प्रत्येक पुढचा टक्का आधीच्यापेक्षा जास्त दुखतो. एका टप्प्यावर आणखी महागाईने होणारं नुकसान वाढीव रोजगाराच्या फायद्याला गाठतं आणि बँकेला स्वतःलाच पुढे जावंसं वाटत नाही. जिथे तिचा मोह संपतो, तोच आकडा लोक धरतात.

हा मुद्दा फिन किडलँड आणि एडवर्ड प्रेस्कॉट यांनी १९७७ मध्ये मांडला. २००४ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्यात याचा मोठा वाटा होता. बॅरो आणि गॉर्डन यांनी १९८३ मध्ये त्याला महागाईच्या संदर्भात आज शिकवलं जाणारं रूप दिलं. उपाय म्हणजे पुढच्या मोहाच्या क्षणी आपलेच हात बांधलेले असतील अशी सोय करणं. आपल्याकडे २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायदा दुरुस्त करून सहा जणांची पतधोरण समिती आली. लक्ष्य ४ टक्के, खालीवर २ टक्क्यांची मोकळीक. सलग तीन तिमाही ती मर्यादा ओलांडली तर बँकेने सरकारला कारणं लेखी कळवायची. २०२२ मध्ये ती वेळ आलीही. ही शिक्षा फार कडक नाही, पण वचन मोडल्याची कायदेशीर नोंद होते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सगळ्यांना हे पटतं असं नाही. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे उपाध्यक्ष राहिलेले ॲलन ब्लाइंडर यांचं म्हणणं असं, की असा मोह पुस्तकात दिसतो तितका प्रत्यक्ष बँकेत दिसत नाही.

शब्द वापरताना एक सांभाळा. अवकाळी पावसाने चाळीतला कांदा सडला आणि लासलगावात भाव चढला, तर ती वचनाची कालविसंगती नव्हे, तो पुरवठ्याचा धक्का. बँकेने त्यात मोहाने काही केलेलं नसतं. मात्र तो धक्का ओसरल्यावरही बँकेने व्याजदर मुद्दाम खाली ठेवले, आणि हे होणारच असं धरून पुढच्या वेतनकरारात जादा टक्के मागितले गेले, तर तिथे हा शब्द बिनधास्त वापरा.