कंपनीच्या हँडलला जाहीर तक्रार: वाचकांचे प्रश्न

फ्रीज महिनाभर बंद आहे, वॉरंटीत आहे. दोनदा काम न होताच तक्रार बंद केली. चिडून एक्सवर "@… चोर कंपनी, लोकांना लुटते" असं लिहिलं. कुणी दखल घेतली नाही. (सिडको)

हँडल सांभाळणारा माणूस तुमची पोस्ट वाचतो आणि पुढच्या विभागाकडे पाठवतो. "चोर" या शब्दात त्याला पुढे पाठवण्यासारखं काही मिळत नाही. शिवाय "लुटते" म्हणजे कंपनीच्या हेतूबद्दलचा आरोप झाला, आणि हेतू सिद्ध करणं तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात आहेत त्या तारखा आणि मोबाइलवरचे मेसेज. पत्रात तुम्ही दिलेल्या तारखांवरून मी पोस्ट अशी लिहीन:

"वॉरंटीतला फ्रीज 4 मार्चपासून बंद. तंत्रज्ञ 6 मार्चला आला, कॉम्प्रेसर बदलावा लागेल म्हणाला. त्यानंतर कुणी आलं नाही, तरी 13 आणि 21 मार्चला 'काम पूर्ण' असे मेसेज आले. कॉम्प्रेसर कधी बदलणार, तारीख कळवा. तक्रार क्रमांक डीएममध्ये देतो. @… नाशिक"

यात कंपनीला एकही विशेषण लावलेलं नाही, तरी वाचणाऱ्याला राग येतोच. कुणी न येता "काम पूर्ण" झालं, ही विसंगती शेजारी शेजारी ठेवलेल्या तारखांतूनच दिसते. मागणीही एकच आहे आणि तिचं उत्तर तारखेनेच द्यावं लागतं. "न्याय द्या" लिहिलं असतंत, तर "आम्ही दिलगीर आहोत" एवढ्यावर भागलं असतं. सोबत त्या दोन मेसेजचे स्क्रीनशॉट जोडा, पण मोबाइल नंबर, पत्ता आणि तक्रार क्रमांक आधी झाका.

हँडल मी शेवटी ठेवलंय, ते मुद्दाम. पोस्टची सुरुवातच हँडलने झाली की एक्स तिला त्या खात्याला दिलेलं उत्तर समजतं आणि तुमच्या फॉलोअर्सपैकी फार थोड्यांना ती दिसते. मोफत खात्याला 280 अक्षरांची मर्यादा आहे. मराठीत काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे जागा वाटते त्यापेक्षा लवकर संपते. वरची पोस्ट हँडल धरून बसते.

तंत्रज्ञाने वॉरंटीत असूनही 1200 रुपये रोख मागितले. त्याचा फोटो आणि नाव टाकू का? खरंच तर आहे. (देवळाली कॅम्प)

टाकू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. विधान खरं असणं एवढ्यावर बचाव पूर्ण होत नाही, ते जाहीर करणं लोकहिताचंही असावं लागतं. एका कामगाराचा चेहरा गावभर फिरवण्यात लोकहित दाखवणं अवघड आहे, आणि पैसे मागण्यामागे त्याच्या वरचा कुणी असेल तर शिक्षा भलत्यालाच होते. कंपनीचीही बदनामी होऊ शकते, असं तेच कलम सांगतं. म्हणून घडलं तेवढंच लिहा: "वॉरंटी असताना 1200 रुपये रोख मागितले, पावती द्यायला नकार दिला. हे शुल्क अधिकृत आहे का?" शेवटचा प्रश्न खरोखर विचारायचा म्हणून विचारा. कधीकधी भेटीचं शुल्क नियमात असतंही.

नाव मात्र लपवू नका, ते कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. ज्याला कारवाईचा अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार याच कलमाच्या अपवादात बसते.

पोस्ट टाकल्यावर लगेच "कस्टमर केअर"चं उत्तर आलं. लिंकवर नंबर भरायला सांगतायत. (पंचवटी)

भरू नका. ब्रँडचं नाव घेऊन तक्रार करणाऱ्यांवर भामटे नजर ठेवून असतात. कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेलं हँडल आणि हे हँडल अक्षरन्‌अक्षर ताडून बघा, खातं कधी उघडलंय तेही बघा. निळी टिक विकत मिळते, तिच्यावर जाऊ नका. ओटीपी किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप मागितलं की समजून जा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

कंपनी म्हणते, आधी पोस्ट काढा, मग काम करू. काढू का? (सातपूर)

काम होईपर्यंत नाही. डीएममध्ये तक्रार क्रमांक द्या आणि पोस्टखाली एवढंच लिहा: "माहिती डीएममध्ये दिली आहे, तारखेची वाट पाहतोय." काम झालं की तेही तिथेच नोंदवा. पोस्ट मागे घेण्याची अट घातलेला तो मेसेज जपून ठेवा.

वस्तू ऑनलाइन घेतली असेल, तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. तसं झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथेही अडलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.